दहापैकी गुणांची यादी आणि क्विकसॉर्टचे तीन ढीग

दहा गुणांच्या एका चाचणीचा निकाल मला एकदा गुणांच्या चढत्या क्रमाने लावायचा होता. मुलं साधारण अकरा हजार. क्विकसॉर्ट पाठ होता, तोच पायथॉनमध्ये लिहिला. आधी एक ते दहा लाखांमधले कुठलेही आकडे घेऊन तपासला होता, तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं होतं. निकालाची यादी दिली आणि स्क्रीनवर ही ओळ उमटली: `RecursionError: maximum recursion depth exceeded`.

मी आधी पिव्हटवर, म्हणजे तुलनेसाठी निवडलेल्या घटकावर, संशय घेतला. क्रमाने लागलेल्या यादीत नेहमी शेवटचाच घटक पिव्हट घेतला तर क्विकसॉर्ट कोलमडतो, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण माझा पिव्हट रँडम होता आणि यादीही विस्कटलेली होती. खोट गुणांमध्येच होती. दहापैकी गुण म्हणजे ० ते १० अशी फक्त ११ मूल्यं. अकरा हजार मुलं ११ मूल्यांत वाटली की एकेका मूल्याच्या वाट्याला सरासरी हजार मुलं येतात. नेहमीच्या क्विकसॉर्टला हीच पुनरावृत्ती झेपत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे यादीचे दोनऐवजी तीन भाग करणं. तो इथे पायरीपायरीने करून पाहू. तुम्हाला लूप, लिस्टचा इंडेक्स आणि स्वतःलाच बोलावणारं फंक्शन एवढं माहीत असलं की पुरे.

दोन भाग केले की काय बिघडतं

क्विकसॉर्टची कल्पना टोनी होअर यांची, १९६१ साली प्रसिद्ध झालेली. यादीतला एक घटक पिव्हट म्हणून निवडायचा, त्याच्याहून लहान ते डावीकडे आणि मोठे ते उजवीकडे सारायचे, मग दोन्ही बाजूंना पुन्हा तेच करायचं. हे सारण्याचं काम म्हणजे पार्टिशन. वर्गात बहुतेक वेळा शिकवतात ती लोमुटो यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत, कारण ती लिहायला सर्वांत सोपी आहे:

```python
def lomuto(a, lo, hi):
    p = a[hi]
    k = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j] <= p:
            a[k], a[j] = a[j], a[k]
            k += 1
    a[k], a[hi] = a[hi], a[k]
    return k
```

रँडम पिव्हट हवा असेल तर आधी तो शेवटच्या जागी आणून ठेवतात, बाकी सगळं हेच. आता यात `<=` कडे नीट पाहा. पिव्हट ७ असेल तर बाकीचे सगळे ७ डावीकडे जातात. जागेवर पक्का बसतो तो एकच ७. पुढच्या फेरीत उरलेल्या सातांपैकी एखादा पिव्हट झाला की पुन्हा एकच बसतो आणि बाकीचे डावीकडे. `<=` ऐवजी `<` केलं तर हेच उजव्या बाजूला घडतं, सुटका होत नाही.

म्हणजे ७ गुण मिळवणारी हजार मुलं असतील तर त्यांतल्या प्रत्येकाची बाकी ९९९ जणांशी एकदा तुलना होणारच. १००० × ९९९ भागिले २, म्हणजे ४,९९,५०० तुलना, आणि त्या कशासाठी, तर सात बरोबर सात हे पुन्हा पुन्हा कळावं म्हणून. अकराही गुणांची अशी हजार-हजार मुलं धरली तर नुसत्या समान गुणांच्या आपसांतल्या तुलना ५४,९४,५०० होतात. शिवाय हे हजार सात एकापोटी एक अशा हजार कॉलमध्ये अडकतात. पायथॉन साधारणपणे १००० कॉलच्या खोलीला थांबवतो, म्हणून ती लाल ओळ आली. ती मर्यादा `sys.setrecursionlimit` ने वाढवायचा मोह होतो. तसं केलं तर ओळ दिसायची थांबते, पण ५५ लाख तुलना तशाच राहतात.

पेपरांचे ढीग

तपासलेले पेपर गुणांप्रमाणे लावायला शिक्षक कसे बसतात ते आठवून पाहा. खाली सतरंजी, समोर गठ्ठा. सातचा एक पेपर हातात आला की सातपेक्षा कमी गुणांचे डावीकडे, जास्त गुणांचे उजवीकडे आणि बरोबर सातचे मध्ये. गठ्ठा संपला की मधला ढीग तसाच राहतो. एकदा आमच्या इथे मी चुकून मधला ढीगही उचलायला लागलो, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो सर, सातवाले कशाला परत चाळताय? ते लागले की!" संपूर्ण युक्ती एवढीच आहे. पिव्हटइतकेच असलेले सगळे घटक एकाच फेरीत कायमचे जागेवर बसतात, आणि पुढचं काम फक्त डाव्या आणि उजव्या ढिगाचं उरतं.

सतरंजीवर जागा भरपूर असते. लिस्टमध्ये मात्र नवीन जागा न घेता, आहे त्याच जागेत हे करायचं असतं. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी हेच कोडं नेदरलँड्सच्या झेंड्याचे लाल, पांढरा आणि निळा असे तीन रंगांचे दगड घेऊन मांडलं होतं. त्यावरून या पद्धतीला डच झेंड्याची पद्धत असंही म्हणतात.

त्यासाठी तीन खुणा ठेवायच्या. `lt` ही पिव्हटच्या बरोबरीच्या भागाची सुरुवात, म्हणजे तिच्या डावीकडचं सगळं लहान. `gt` च्या उजवीकडचं सगळं मोठं. आणि `i` म्हणजे आपण आता ज्या घटकाकडे पाहतो आहोत तो. `lt` पासून `i` च्या अलीकडपर्यंत सगळे पिव्हटइतके, आणि `i` पासून `gt` पर्यंतचा भाग अजून न पाहिलेला. कोड विसरलात तरी हे एक वाक्य लक्षात ठेवा, त्यावरून कोड पुन्हा लिहिता येतो:

```python
import random

def sort3(a, lo, hi):
    if lo >= hi:
        return
    p = a[random.randint(lo, hi)]
    lt, i, gt = lo, lo, hi
    while i <= gt:
        if a[i] < p:
            a[lt], a[i] = a[i], a[lt]
            lt += 1
            i += 1
        elif a[i] > p:
            a[i], a[gt] = a[gt], a[i]
            gt -= 1
        else:
            i += 1
    sort3(a, lo, lt - 1)
    sort3(a, gt + 1, hi)
```

आठ मुलांवर हाताने चालवून पाहू

कागद-पेन घ्या. आठ मुलांचे गुण आहेत `7 4 7 9 7 2 9 3`. इंडेक्स ० ते ७. हाताने करताना सोपं जावं म्हणून पिव्हट पहिलाच, म्हणजे ७ धरू. सुरुवातीला `lt` आणि `i` शून्यावर, `gt` सातवर.

पहिला घटक ७, बरोबरीचा, म्हणून फक्त `i` पुढे. दुसरा ४, लहान. तो `lt` वरच्या सातशी बदलला, `lt` झाला १ आणि `i` झाला २. तिथे पुन्हा ७, पुढे. आता `i` तीनवर आहे आणि तिथे ९ दिसतो. तो मोठा, म्हणून `gt` च्या जागी, म्हणजे अगदी शेवटी गेला, आणि शेवटचा ३ त्याच्या जागी आला:

```
4 7 7 3 7 2 9 9      lt=1  i=3  gt=6
```

इथे थांबा आणि पाहा: `gt` मागे आला, पण `i` जागचा हलला नाही. कारण उजवीकडून आलेला ३ आपण अजून पाहिलेलाच नाही. आता तो पाहू. ३ लहान, म्हणून `lt` वरच्या सातशी बदलला:

```
4 3 7 7 7 2 9 9      lt=2  i=4  gt=6
```

पुढे ७, `i` झाला ५. तिथे २, लहान, `lt` शी अदलाबदल. मग `i` सहावर, तिथे ९. तो मोठा, आणि `gt` पण सहावरच आहे, म्हणून त्याची स्वतःशीच अदलाबदल होते आणि `gt` पाचवर येतो. आता `i` हा `gt` च्या पुढे गेला, लूप संपला:

```
4 3 2 | 7 7 7 | 9 9      lt=3  gt=5
```

आठ घटक, आठच वेळा पाहिले. दर फेरीत एकतर `i` पुढे जातो किंवा `gt` मागे येतो, म्हणून न पाहिलेला भाग प्रत्येक वेळी बरोबर एकाने आखडतो. लूप अडकून पडत नाही, तो याचमुळे. तिन्ही सात आता कायमचे लागले. उरलं `4 3 2` आणि `9 9` यांचं काम. `9 9` ला एकच फेरी लागते: दोन्ही बरोबरीचे निघतात, दोन्ही बाजू रिकाम्या राहतात आणि विषय संपतो.

एक गोष्ट दिसली का? लहान घटकाच्या वेळी आपण `i` पुढे नेला, मोठ्याच्या वेळी नाही. डावीकडून `i` च्या जागी येतो तो घटक `lt` वरचा असतो, म्हणजे आधी पाहिलेला आणि पिव्हटइतकाच. किंवा `lt` आणि `i` एकाच जागी असतील तर तो स्वतःच असतो. त्यामुळे तिथे पुढे जायला हरकत नाही. उजवीकडून येणारा मात्र अनोळखी असतो.

नवशिक्यांच्या हातून नेमकं काय चुकतं

मी तपासलेल्या वह्यांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच: `gt -= 1` च्या खाली `i += 1` पण लिहिलेलं असतं. दोन्ही फांद्या सारख्या दिसाव्यात असं वाटतं, म्हणून. वरच्याच यादीवर पिव्हट पहिला धरून हा चुकीचा कोड चालवला तर उत्तर येतं `2 4 7 3 7 7 9 9`. शेवटून आलेला ३ न पाहताच मागे राहिला आणि सातांच्या ढिगात शिरला. तो ढीग आपण परत उघडत नाही, म्हणून तो तिथेच अडकला. तुमच्या उत्तरात बरोबरीच्या ओळीमध्ये असा एखादा भलताच गुण दिसला, तर थेट या ओळीकडे जा.

दुसरी चूक लबाड आहे: `while i <= gt` ऐवजी `while i < gt`. गंमत अशी की वरच्या आठ जणांच्या यादीची पहिली फेरी, पहिलाच पिव्हट धरला तर, या कोडनेही बरोबर लागते. शेवटी न पाहिलेला राहिलेला घटक ९ होता आणि तो योगायोगाने योग्य जागीच होता. म्हणून एका फेरीत चाललं म्हणून कोड बरोबर, असं धरू नका. ही चूक पकडायला दोनच गुण पुरतात, `7 4`. पिव्हट ७ घेतला की ४ कडे कोणी पाहतच नाही आणि यादी जशीच्या तशी परत येते. रँडम पिव्हट असेल तर हेच दहा-वीस वेळा चालवा, कारण ४ पिव्हट निघाला तर उत्तर बरोबर येऊन चूक लपते.

तिसरी चूक पिव्हटची. काही जण `p` मध्ये मूल्य न ठेवता पिव्हटचा इंडेक्स ठेवतात आणि दर वेळी `a[idx]` शी तुलना करतात. पहिल्या एक-दोन अदलाबदलींनंतर त्या जागेवर दुसराच गुण आलेला असतो. अर्ध्या वाटेत पिव्हट बदलला की पुढच्या सगळ्या ढिगांना अर्थ राहत नाही. मूल्य काढून वेगळं ठेवायचं, ही सवयच लावून घ्या.

तपासण्यासाठी मी स्वतः हे चालवतो:

```python
a = [m for m in range(11) for _ in range(1000)]
random.shuffle(a)
b = sorted(a)
sort3(a, 0, len(a) - 1)
print(a == b)
```

यानंतर सगळे गुण सारखेच असलेली यादी, एकच गुण असलेली यादी आणि रिकामी यादी याही देऊन पाहा. सगळे सारखे असतील तेव्हा `sort3` ने एकाच फेरीत काम संपवायला हवं. लूपमध्ये एक मोजणी ठेवा, हजार घटकांना हजारच फेऱ्या दिसायला हव्यात. लाखांत आकडा गेला तर रिकर्शनच्या शेवटच्या दोन ओळी पाहा, `lt - 1` किंवा `gt + 1` चुकलेलं असेल.

किती फरक पडतो

अकरा हजार मुलं, प्रत्येक गुणाची हजार, असंच धरून हिशेब करू. दर फेरीला निदान एक गुण कायमचा निकालात निघतो, आणि गुण अकराच. म्हणून रिकाम्या तुकड्यांचे कॉल सोडले तर पार्टिशन अकराच वेळा होतं. नशीब अगदी वाईट असेल आणि पिव्हट नेमके ०, १, २ असे ओळीने निघाले, तर पहिल्या फेरीत ११ हजार घटक पाहायचे, दुसरीत १० हजार, असं करत शेवटी एक हजार. बेरीज ६६,०००. नशीब चांगलं असेल आणि आधी ५ निघाला, मग दोन्ही बाजूंचे मधले गुण, तर हीच बेरीज ३३,००० होते. एकदा पाहण्यात जास्तीत जास्त दोन तुलना असतात, म्हणजे अगदी वाईट वेळीही १,३२,००० च्या पुढे जायला वाव नाही. लोमुटोच्या ५५ लाखांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. रिकर्शनची खोलीही अकराच्या आसपासच राहते, त्यामुळे ती लाल ओळ येण्याचं कारणच उरत नाही.

मात्र दोष सगळ्या क्विकसॉर्टचा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. होअर यांच्या मूळ पद्धतीत दोन खुणा दोन्ही टोकांकडून आत येतात आणि बरोबरीच्या घटकावरही थांबून अदलाबदल करतात. त्यामुळे समान घटक दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात आणि तुलना आपल्या उदाहरणात दीड-दोन लाखांच्या घरात राहतात. तीही ठीक चालते. फक्त ती समान घटकांना ओळखून बाजूला काढत नाही, त्यांना शेवटपर्यंत बरोबर घेऊन फिरते. १९९३ मध्ये जॉन बेंटली आणि डग्लस मॅकइलरॉय यांनी सी भाषेचं `qsort` नव्याने बांधलं, तेव्हा त्यांनीही बरोबरीच्या घटकांसाठी तिसरा भाग ठेवला. पुनरावृत्ती असलेल्या याद्यांवर जुनी `qsort` अडखळते, हे तेव्हा प्रत्यक्ष वापरातून दिसलेलं होतं.

आणि यादीत पुनरावृत्ती नसेलच तर? समजा सगळे बैठक क्रमांक वेगळे आहेत. मग मधल्या ढिगात दर वेळी एकच घटक येतो, आणि आपण मात्र प्रत्येक घटकासाठी दोन प्रश्न विचारत बसतो. तिथे तीन भागांची पद्धत थोडी मागे पडते. समान घटक भरपूर असतील तिथेच ती वापरा.

रोल नंबरचं काय

निकालात नुसते गुण नसतात, त्यामागे मूल असतं. वरच्या आठ जणांना डावीकडून १ ते ८ रोल नंबर द्या. ९ गुण आहेत रोल नंबर ४ आणि ७ ला. आपण केलेल्या फेरीनंतर ४ नंबरचं मूल शेवटच्या जागी गेलं आणि ७ नंबरचं त्याच्या आधी राहिलं. गुण बरोबर लागले, पण समान गुणांच्या मुलांचा रोल नंबरचा क्रम उलटला. ही पद्धत मूळ क्रम जपत नाही, आणि निकालपत्र हातात घेऊन पालक पहिल्यांदा हेच विचारतात.

यावर सुचणारा उपाय म्हणजे गुण आणि रोल नंबर मिळून तुलना करायची. क्रम बरोबर लागतो, पण मग कुठलीही दोन मुलं सारखी उरत नाहीत, मधला ढीग कायम एकाचा होतो आणि ज्यासाठी तीन भाग केले तो फायदाच निघून जातो. रोल नंबरचा क्रम हवा असेल तर पायथॉनचं `sorted` वापरा, ते मूळ क्रम जपतं. रोल नंबरप्रमाणे असलेली यादी त्याला गुणांवर लावायला सांगितली की काम झालं.

आणि गुण ० ते १० पूर्णांकच आहेत हे पक्कं असेल, तर अकरा खाने करून प्रत्येक मुलाला आपल्या गुणाच्या खान्यात टाकणं सर्वांत सोपं. एकही तुलना लागत नाही आणि रोल नंबरचा क्रमही टिकतो. तीन ढिगांची पद्धत कामाला येते ती मूल्यं कोणती आहेत हे आधी माहीत नसतं तिथे: साडेसात, पावणेआठ असे गुण, अ-ब-क श्रेणी, किंवा मुलांच्या यादीतल्या तालुक्यांची नावं. नावं कितीही लांब असोत, वेगळे तालुके पंधरा असतील तर पार्टिशन पंधराच वेळा होतं, आणि खाने किती करायचे हे आधी मोजत बसावं लागत नाही.